परत आलेल्या सुताचं खातं

मंगळवार, अकरा जानेवारी एकोणीसशे चौऱ्याण्णव. सकाळी सव्वासात वाजता सूतगिरणीच्या फाटकाजवळच्या फलकावरून प्रश्नमंजुषेचा निकाल काढण्यात आला. काढला भुजंग वॉचमननं, हुकूम जनरल मॅनेजर दिनकररावांचा. कागद चार टाचण्यांनी लावलेला होता. भुजंगनं टाचण्या काढून खिशात टाकल्या, कागदाची घडी केली आणि ऑफिसच्या दिशेनं चालू लागला.

गुणवत्ता नियंत्रण विभागाचे प्रमुख दत्तराव तेव्हा सायकल स्टँडवर सायकल लावत होते. निकालावर सही त्यांची होती. प्रश्न त्यांनी काढले होते, पेपर त्यांनी तपासले होते. कागद कुठं नेतो आहेस, असं त्यांनी विचारलं. भुजंग म्हणाला, सायेबांनी आणायला सांगितला, बाकी मला ठाऊक न्हाई.

बोरीच्या अलीकडे जिंतूर रस्त्याला लागून असलेली ही सहकारी सूतगिरणी त्या हिवाळ्यात आयएसओ ९००२ प्रमाणपत्राच्या मागे लागली होती. पुण्याच्या एका संस्थेची माणसं सतरा तारखेला तपासणीला येणार होती. ती नुसती कागद पाहत नाहीत, यंत्रावर उभ्या असलेल्या माणसालाही प्रश्न विचारतात, हे कळल्यावर दिनकररावांनी प्रश्नमंजुषेची कल्पना काढली. पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, एका प्रश्नाला एक गुण. नुसत्या बक्षिसासाठी कोणी अभ्यास करणार नाही, म्हणून त्यांनी नोटिशीत आणखी एक ओळ घातली होती. हंगामी कामगारांतून जो पहिला येईल त्याला गुणवत्ता नियंत्रण निरीक्षकाच्या कायम जागेवर घेतलं जाईल. जागा एकच होती. गुण सारखे पडले तर नोकरीत जुना असेल त्याला प्राधान्य, हेही नोटिशीत लिहिलेलं होतं.

सोमवारी दुपारी निकाल लागला. कस्तुराबाई, प्रयोगशाळा मदतनीस, एक्केचाळीस. सिताराम, गोदाम कारकून, चाळीस. बाकीचे बरेच खाली.

कस्तुराबाई बोरीच्या. घरची मंडळी मेंढरांमागे फिरणारी. त्या स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकल्या होत्या, आणि चार वर्षं गिरणीच्या प्रयोगशाळेत सुताच्या लड्या मोजत, वजन करत, ताण देऊन तोडून बघत होत्या. पण नेमणूक हंगामी. मुदत संपली की गिरणी त्यांना घरी बसवायची आणि पुढे गरज लागली की पुन्हा बोलवायची. मधल्या काळात त्या नवऱ्याच्या कळपामागे गोदाकाठापर्यंत जात. चालू नेमणुकीची मुदत पंधरा तारखेला संपत होती.

निकाल लागला त्या संध्याकाळीच त्यांनी ओळखीच्या कंडक्टरकडून पालमला निरोप धाडला होता. नवरा बन्सीधर तिकडे मेंढ्या घेऊन उतरला होता. निरोप असा, की नोकरी कायम झाली, आता फिरणं बंद, तुमच्या वाट्याची मेंढरं भावाच्या हवाली करून घरी या. हे वाइंडिंगच्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यातल्या नर्मदाबाईनं सगळ्यांना सांगितलं होतं. वर हेही, की आता कस्तुरा खुर्चीवर बसून आपल्यालाच चुका काढणार, आजपासून तिच्यासमोर डोईवर पदर घ्या गं.

*

तयारीचे वर्ग दत्तरावांनी कँटीनमध्ये घेतले होते. पाळी बदलताना अर्धा तास मिळायचा. दत्तराव स्वतः औरंगाबादला एका शिबिराला जाऊन आले होते. तिथल्या इंग्रजी कागदांचं त्यांनी घरी बसून मराठी केलं, आणि जमेल तितकं गिरणीच्या भाषेत आणलं.

पुढचं खातं हेच आपलं गिऱ्हाईक, हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. कापूस पिंजणाऱ्या कार्डिंगचं गिऱ्हाईक पेळू ओढणारं ड्रॉइंग, सूत कातणाऱ्या रिंगफ्रेमचं गिऱ्हाईक वाइंडिंग. आपल्या हातून वाईट माल पुढे गेला तर त्याची झळ बाहेरच्या व्यापाऱ्याच्या आधी शेजारच्याला लागते. नर्मदाबाई मागून म्हणाली होती, "म्हंजी रिंगफ्रेमवाल्यांनी आमाला हात जोडायचे? सायेब, हे त्यांना लेखी द्या." सगळे हसले. दत्तरावही हसले, आणि तो प्रश्न त्यांनी पेपरात घेतला.

प्रमाणपत्रांचा भाग लोकांना आधी जड गेला. ९००१, ९००२, ९००३ यांत फरक काय? दत्तरावांनी सांगितलं, नवा माल आखण्यापासून विक्रीनंतरच्या सेवेपर्यंत सगळं ज्याच्याकडे चालतं त्याला ९००१. ठरलेल्या मापाचा माल तयार करणाऱ्याला ९००२. नुसती शेवटची तपासणी आणि चाचणी एवढ्यापुरतं असेल तर ९००३. आपण सुताची नवी जात काढत नाही, व्यापारी मागेल त्या काउंटचं, म्हणजे जाडीच्या नंबराचं, तीसचं नाहीतर चाळीसचं सूत कातून देतो, म्हणून आपल्याला ९००२. शिवाय हे प्रमाणपत्र सुताला मिळत नाही, काम करण्याच्या पद्धतीला मिळतं. आयएसआयचा शिक्का मालावर असतो, तसा हा सूत गुंडाळलेल्या कोनावर मारता येत नाही. सितारामनं विचारलं होतं, मग पद्धत चांगली आणि सूत वाईट असं होऊ शकतं का? दत्तरावांना प्रश्न आवडला होता. ते म्हणाले, होऊ शकतं, पण मग ते सूत कुठून वाईट झालं हे शोधून पुन्हा होऊ न देणं हाही पद्धतीचाच भाग आहे. तेवढं न करणाऱ्याची पद्धत चांगली म्हणायची नाही.

आणि गुणवत्तेच्या खर्चाची चार खाती. चूक होऊच नये म्हणून केलेला खर्च, तो प्रतिबंधाचा; कामगारांचं प्रशिक्षण त्यात येतं, हा कँटीनमधला वर्गसुद्धा त्यात येतो. चूक झाली का हे बघण्याचा खर्च, तो तपासणीचा. कस्तुराबाईंची प्रयोगशाळा त्यात. चूक झाली पण माल दाराबाहेर जाण्याआधी सापडली, तर तो अंतर्गत अपयशाचा. वाया गेलेलं सूत, पुन्हा गुंडाळलेले कोन. आणि माल गिऱ्हाइकाच्या हाती पडल्यावर चूक सापडली, तर तो बाह्य अपयशाचा. परत आलेला माल, बदलून दिलेला माल, त्याचं भाडं, दिलेली सूट. पहिल्या खात्यात थोडं जास्त घातलं तर शेवटची दोन आपोआप उतरतात, असं दत्तराव प्रत्येक वर्गात सांगत.

बत्तिसावा प्रश्न याच भागातला होता. व्यापाऱ्याकडून दोषामुळे परत आलेलं सूत गिरणीत पुन्हा गुंडाळण्याचा खर्च कोणत्या प्रकारात मोडतो? कस्तुराबाईंनी लिहिलं, बाह्य अपयश. सितारामनं लिहिलं, अंतर्गत अपयश. दोघांत जो एका गुणाचा फरक पडला तो याच प्रश्नाचा.

*

सितारामनं सोमवारी संध्याकाळीच निकालाविरुद्ध दरखास्त दिली होती, हे दत्तरावांना मंगळवारी सकाळी दिनकररावांच्या टेबलासमोर उभं राहिल्यावर कळलं. सिताराम तिथंच होता, भिंतीला लागून. चारठाण्याचा, साधा, कधी कोणाशी चढ्या आवाजात न बोललेला माणूस. गोदामात सात वर्षं हंगामी.

त्याचं म्हणणं सरळ होतं. मालेगावहून किंवा इचलकरंजीहून सूत परत आलं की ते आपण अंतर्गत धरतो. दर महिन्याला खर्चाचा तक्ता तो स्वतःच भरतो. बाह्य अपयशाच्या रकान्यात आजवर शून्याशिवाय काही लिहिलेलं नाही. त्यावर दत्तराव साहेबांची सही असते. मग पेपरात तेच उत्तर चूक कसं?

"मी खोटं बोलत न्हाई सायेब," तो दत्तरावांकडे न बघता म्हणाला. "मला जे करायला सांगितलं तेच मी लिहिलं."



गिरणीत हा प्रकार जुना होता, आणि त्याला नावही होतं. नवा माल घेऊन गेलेली लॉरी येताना व्यापाऱ्यानं नाकारलेली पोती घेऊन यायची. फाटकावर भुजंग विचारायचा, "माहेरवाशीण आली काय रं?" ड्रायव्हर म्हणायचा, आली, चार दिवस ठेवून घ्या. पावतीवर लिहिलं जायचं, रिवाइंडिंगसाठी आवक. पोती सरळ वाइंडिंगला जायची, नर्मदाबाई आणि बाकीच्या बाया कोन उकलून नव्यानं गुंडाळायच्या, आणि माल पुन्हा रवाना व्हायचा. सूत आपलं, यंत्र आपलं, बाया आपल्या. सगळं घरातल्या घरात झालं, म्हणून खर्चही घरातला. कोणी हे ठरवून केलेलं नव्हतं. फसवायचं कोणाच्या मनात नव्हतं. लेकीचं घरी येणं कोणी परक्याच्या खात्यात लिहीत नाही, तसंच हे.

तक्त्याचा नमुना दत्तरावांनी वर्षभरापूर्वी तयार करून दिला होता. चार रकाने त्यांचेच. शेवटच्या रकान्यातलं शून्य बघून त्यांना बरं वाटायचं. माल चांगला जातो आहे, असंच ते समजत. रिवाइंडिंगचा आकडा मोठा का, हे त्यांनी वाइंडिंगच्या माणसांना दोनदा विचारलं होतं. परत आलेलं सूत त्यात मिसळलेलं आहे हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते फाटकावर जाऊन उभे राहिले नव्हते.

दिनकररावांनी सितारामला बाहेर पाठवलं.

"बसा, दत्तराव. आता काय करायचं?"

दत्तराव म्हणाले, करायचं काही नाही. दोष कुठं सापडला यावर खातं ठरतं, दुरुस्ती कुठं झाली यावर नाही. व्यापाऱ्याच्या यंत्रमागावर सापडला, म्हणजे बाह्य. उत्तरसूची बरोबर आहे.

"आणि तक्ता?"

"तक्ता चूक आहे."

दिनकरराव शांत माणूस होते. आरडाओरडा त्यांना आवडत नसे. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला आणि हिशेब मांडला. सूची आहे तशी ठेवली तर सितारामची दरखास्त दप्तरात राहते. त्यात त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे, की परत आलेलं सूत आम्ही परत आलं म्हणून दाखवत नाही. सहा दिवसांनी तपासणीवाले येणार. सूची बदलून अंतर्गत हे बरोबर धरलं तर आपली माणसं त्यांच्यासमोर चूक उत्तर देणार, तेही परवडत नाही. तेव्हा प्रश्न संदिग्ध होता म्हणून रद्द. एकोणपन्नासांपैकी दोघांना चाळीस-चाळीस. जुना सिताराम. त्याला जागा मिळाली की दरखास्त तो मागे घेईल. वाईट माणूस नाही तो.

"प्रश्न संदिग्ध नव्हता," दत्तराव म्हणाले.

"नव्हता, ठीक आहे. पण काढणाऱ्यानं तसं लिहून दिलं तर होतो."

"आणि खर्चाचा तक्ता ९००२ ला लागतच नाही, साहेब. तो आपण आपल्यासाठी करतो. त्यात चूक निघाली म्हणून प्रमाणपत्र अडत नाही."

"मग अडचण कसली?"

दत्तराव म्हणाले, अडचण तक्रारींची आहे. गिऱ्हाइकाच्या तक्रारी तपासून कारण शोधलं का, ते दूर केलं का, हे त्यांना दाखवावं लागतं. आपल्याकडे तक्रारींची फाइल कोरी आहे. लॉऱ्या मात्र भरून परत येतात. दिवाळीनंतर जे तीसचं सूत परत आलं, त्यात चाळीसचे कोन मिसळलेले होते. बायांनी निवडून वेगळे केले, पण ते मिसळले कुठं याचा शोध कोणीच घेतला नाही. घेणार कसा? कागदोपत्री काही परत आलेलंच नाही.

"तक्रार नसेल तर फाइल कोरीच राहणार," दिनकरराव म्हणाले. "दुपारपर्यंत लिहून द्या. दोन ओळी पुरे."

*

प्रयोगशाळेत कस्तुराबाई रीळ फिरवत होत्या. दत्तराव आत आले तेव्हा त्यांनी हात थांबवला नाही. लडी पुरी झाली, तिला गाठ मारली, काट्यावर ठेवली, वजन लिहिलं. मगच वळल्या.

निकाल काढला हे गिरणीभर झालं होतं. कशासाठी, हे कोणाला ठाऊक नव्हतं. दत्तरावांनी त्यांना सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नाही असं ते मनाशी म्हणाले, पण सांगताना नजर काट्यावर ठेवली.

"सायेब, मला येवढंच सांगा," कस्तुराबाई म्हणाल्या. "माझं उत्तर बरोबर हाय का चूक?"

"बरोबर आहे."

"मग?"

दत्तरावांनी काट्यावरची लडी उचलून बाजूला ठेवली.

"ती पोती आली तवा कोन माझ्याकडंच आणले होते," त्या म्हणाल्या. "मीच मोजून सांगितलं, ह्ये तीस न्हाई, चाळीस हाय. आमी त्याला माहेरवाशीण म्हणतो, मला काय ठाऊक न्हाई व्हय? पण तुमी वर्गात काय म्हणले? गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर. मग मी तुमचं ऐकलं."

"मी बघतो काय करता येतं."

"बघा. पन्नास प्रश्नांत आमचं काय चुकलं ते तुमी लाल शाईनं लिहिलंय. त्याला मी काय म्हणलं न्हाई."

त्या पुन्हा रिळाकडे वळल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, की घरधनी पालमहून निघाले असतील. मेंढरं एकदा भावाच्या कळपात गेली की लगेच मागता येत नाहीत.

दत्तराव आपल्या टेबलाशी बसले आणि कागद पुढे ओढला. त्यांनी लिहिलं, की बत्तिसावा प्रश्न संदिग्ध नाही, सूचीतलं उत्तर बाह्य अपयश हेच योग्य आहे, त्यामुळे प्रश्न रद्द करण्याचं कारण दिसत नाही. वाचून पाहिलं. एवढंच पुरेसं आहे असं त्यांना वाटलं. तक्त्यावरच्या सह्यांबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही. प्रश्नाचा विषय प्रश्नापुरता ठेवावा, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

दुपारी दिनकररावांनी तो कागद वाचला आणि परत केला.

"हे असं अर्धं चालत नाही, दत्तराव. उत्तर बाह्य हे तुम्हाला जानेवारीत ठाऊक आहे, मग डिसेंबरपर्यंत अंतर्गतवर सही कोणी केली, हे पुढचा विचारणारच. एक तर प्रश्न संदिग्ध होता, नाहीतर तुमची सही चूक होती. तिसरं काही मला दिसत नाही. उद्या संचालक मंडळाची बैठक आहे. विषय ठेवायचा असेल तर सकाळी दहापर्यंत पुरा कागद आणा. नाही आणलात तर मी विषय ठेवत नाही."

हे मंगळवारी झालं. त्या रात्री दत्तराव नीट जेवले नाहीत. बायकोनं विचारलं तर म्हणाले, तपासणीची गडबड आहे. बारा महिन्यांचे तक्ते, बारा सह्या. नोकरी जाईल असं त्यांना वाटत नव्हतं. पण गुणवत्तेचे वर्ग घेणाऱ्या माणसालाच परत आलेलं सूत दिसलं नाही, हे पुण्याच्या माणसांसमोर, संचालकांसमोर आणि कँटीनमध्ये बसलेल्या सगळ्यांसमोर येणार होतं. वर्गात ते सांगत, चूक माणसात शोधू नका, आधी पद्धतीत शोधा. दुसऱ्याला सांगताना ते पटायचं. इथं पद्धत त्यांचीच होती.

बुधवारी सकाळी ते दहाच्या आत ऑफिसकडे निघाले, आणि वाटेत कार्डिंगमध्ये कसलंसं काम काढून दहा वाजून जाईपर्यंत थांबले. बैठक झाली. तीत हा विषय नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत सिताराम त्यांना गोदामाच्या ओट्यावर भेटला. तो म्हणाला, त्याला जागा हवी आहे, नाही म्हणणार नाही, सात वर्षं झाली. पण कस्तुराबाईचं तोंड बघवत नाही.

"तुमीच आधी तक्ता दुरुस्त करायला सांगितला असता तर मी तसा लिहिला असता," तो म्हणाला. "मग पेपरातबी बरोबर लिहिलं असतं. आता मी चूक का बरोबर, हेच मला कळंना झालंय."

दत्तराव त्याला म्हणाले, तू चूक नाहीस, उत्तर चूक आहे. सितारामला या दोन्हींतला फरक फारसा पटल्याचं दिसलं नाही.

*

गुरुवारी तेरा तारखेला दत्तरावांनी पुरा कागद लिहिला. प्रश्न योग्य होता. उत्तर योग्य होतं. वर्षभरातलं परत आलेलं सूत चुकीच्या रकान्यात गेलं, ते लक्षात यायला हवं होतं ते मला, कारण सही माझी आहे. सितारामनं सांगितलं तसं भरलं, त्याला दोष नाही. इथून पुढे फाटकावरची पावती बदलावी; आवक कशाची, कोणाकडून, कोणत्या दोषामुळे हे तिथंच लिहावं. मिसळलेल्या काउंटच्या पोत्यांची तक्रार म्हणून नोंद करावी आणि कारण शोधावं. सतरा तारखेला तपासणीवाल्यांना आपण होऊन हे दाखवावं. त्यांना सापडण्यापेक्षा आपण दाखवलेलं बरं. निरीक्षकाच्या जागेवर निकालाप्रमाणे नेमणूक व्हावी.

दिनकररावांनी कागद दोनदा वाचला. रागावले नाहीत. कागद चांगला लिहिला आहे, असंही म्हणाले.

"पण हा काल सकाळी हवा होता. आता हा माझ्या अधिकारात नाही. पद्धत बदलायची, तपासणीवाल्यांपुढे चूक मांडायची, हे मंडळच ठरवणार. पुढच्या बैठकीत ठेवतो."

"बाईंची मुदत पंधराला संपते, साहेब."

"ठाऊक आहे. जागेचा निकाल स्थगित आहे. स्थगित जागेच्या आशेवर मला हंगामी मुदत वाढवता येत नाही."

पुढची बैठक कधी, असं दत्तरावांनी विचारलं. बहुतेक शनिवारी तातडीची घेऊ, तपासणीच्या आधी, असं उत्तर मिळालं.

शुक्रवारी संक्रांत होती. बाया तिळगूळ घेऊन आल्या होत्या. त्याच दिवशी औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नामविस्ताराचा निर्णय झाल्याची बातमी रेडिओवर आली. कँटीनमध्ये काहींनी एकमेकांना पेढे दिले, काही जण उठून बाहेर गेले. संध्याकाळी तणावामुळे जिंतूर रस्त्यावरच्या एसट्या बंद झाल्या. दुसऱ्या पाळीची निम्मी माणसं आली नाहीत. शनिवारी संचालकांपैकी कोणी परभणीहून निघू शकलं नाही, आणि बैठक झाली नाही.

त्याच शनिवारी कस्तुराबाई पायी आल्या. पाळी पुरी केली. लड्यांची वजनं लिहिली, काटा पुसला, कपाटाची किल्ली दत्तरावांच्या टेबलावर ठेवली. नर्मदाबाई फाटकापर्यंत सोबत आली. तिनं त्या दिवशी एकही चेष्टा केली नाही.

दत्तरावांनी कस्तुराबाईंना सांगितलं, की कागद दिला आहे. पुरा दिला आहे.

"कदी दिला?"

"परवा."

"मंगळवारी का न्हाई दिला?"

दत्तराव म्हणाले, मंगळवारी अर्धा दिला होता.

कस्तुराबाईंनी मान हलवली. रागानं नाही, प्रयोगशाळेत एखादी लडी हलकी भरली की त्या अशीच मान हलवत आणि आकडा लिहीत. मग त्या बोरीच्या रस्त्याला लागल्या. बन्सीधर पालमहून अजून पोचलेला नव्हता. मेंढरांचं काय झालं, हे त्यांना कळलेलं नव्हतं.

सोळा तारखेला पुण्याहून फोन आला. परिस्थिती पाहता तपासणीची माणसं सतराला येणार नाहीत, नवी तारीख पत्रानं कळवू. दिनकररावांनी फोन ठेवला आणि दत्तरावांना बोलावून सांगितलं, की बरं झालं, आपल्याला वेळ मिळाला. कशासाठी, हे ते बोलले नाहीत.

मंगळवारी अठराला एसट्या सुरू झाल्या. गुरुवारी मालेगावहून लॉरी आली, आणि तिच्यात परत आलेली तीसच्या सुताची पोती होती. भुजंगनं काही विचारलं नाही. सिताराम पावतीपुस्तक घेऊन दत्तरावांकडे आला आणि म्हणाला, काय लिहू ते सांगा. दत्तराव म्हणाले, गिऱ्हाइकाकडून परत, दोषामुळे, असं लिही. सितारामनं तसं लिहिलं. ऑफिसातून पावती शेरा मारून परत आली. असा प्रकार छापील नमुन्यात नाही, मंडळाच्या मंजुरीशिवाय आवक घेता येत नाही. रिवाइंडिंगसाठी असं लिहायला सिताराम तयार झाला नाही. त्याची दरखास्त त्यानं मागे घेतलेली नाही, पुन्हा दिलेलीही नाही.

पोती फाटकाच्या आत, शेडबाहेर उतरवून ठेवली आहेत. त्यांच्यातले कोन मोजायला प्रयोगशाळेत माणूस नाही. दत्तराव वेळ मिळेल तसे स्वतः मोजतात. काल त्यांनी तीन कोन मोजले. दोन तीसचे निघाले, एक चाळीसचा.

संचालक मंडळाची बैठक कधी होणार, हे ठरलेलं नाही. पुण्याचं पत्र आलेलं नाही. निरीक्षकाची जागा रिकामी आहे.